पंधरा दिवसांची नोटीस

(नागपूर, मानेवाड्यातलं घर. टेबलावर मोबाईल, बाजूला चष्मा.)

हा मोबाईल सरांचा. यात दोन हजाराच्या वर न वाचलेले मेल आहेत आणि त्यातच इन्कम टॅक्सवाल्यांचा एक मेल सहा दिवस पडून होता. सर म्हणजे आमचे शेजारी, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आता पेन्शनीत. मेल दिसला तो सूनबाईला, तोही गॅसचं बिल शोधता शोधता.

मेलसोबत आलेल्या नोटिशीच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पॅन नंबर छोट्या एबीसीडीत आणि त्याला चिकटून जन्मतारीख, आधी दिवस, मग महिना, मग पूर्ण वर्ष. सरांनी तीनदा कॅपिटलमध्ये टाकला. चौथ्यांदा सूनबाई म्हणाली, "बाबा, द्या बरं इकडे."

(पीडीएफचं पहिलं पान, त्यावर सरांचं बोट.)

आता हे बोट कसं फिरते ते पहा. सर पहिले खालची रक्कम शोधत होते, किती भरायचे म्हणून, आणि रक्कम कुठेच नाही. कारण ही काही पैशाची मागणी नाहीच. वर लिहिलंय कलम १३९(९), म्हणजे तुमचं रिटर्न डिफेक्टिव्ह आहे, दुरुस्त करून द्या, मुदत १५ दिवस. त्यातले सहा तर मेलमध्येच गेले. उत्तर दिलं नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात, मग लेट फी लागू शकते, रिफंड अडकतो. असो.

त्याच्याही वर एक लांबलचक नंबर आहे, डीआयएन, म्हणजे नोटिशीचा ओळख नंबर. पोर्टलवर लॉगिन न करता तो टाकून नोटीस खरी की खोटी ते बघता येते, आणि सध्या खोटे मेल इतके येतात की हे आधी करावंच. यांची खरी निघाली.

(सिव्हिल लाइन्स, आयकर भवनाचं गेट.)

इथे आम्ही अर्धा दिवस शूटिंग केलं. बिल्डिंग चांगली दिसते म्हणून शॉट ठेवलाय, पण खरं सांगू का, या केसमध्ये इथे कामच नव्हतं. नोटीस निघाली बंगळुरूच्या सीपीसीतून, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या केंद्रातून, कॉम्प्युटरनं काढलेली, आणि उत्तरही ऑनलाईनच. सर मात्र आधी फाईल काखेत मारून इथवर येऊन गेले होते, उन्हातान्हात.

(पुन्हा घर. लोखंडी पेटी उघडते.)

नोटिशीत कारण इंग्रजीत दिलंय, त्याचा अर्थ एवढाच की टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला टॅक्स, तर तुम्ही परत मागितला, पण ज्या उत्पन्नावर तो कापला ते उत्पन्न रिटर्नमध्ये दिसत नाही. सर भडकले. "मी काहून लपवीन? सगळं तर दाखवलं!"

लपवलं नव्हतंच. झालं असं की सरांनी २०२३ च्या एप्रिलमध्ये दहा लाखाची एफडी केली, पाच वर्षांची, साडेसात टक्क्यानं, आणि क्युम्युलेटिव्ह, म्हणजे व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिसळत जाते, हातात एकदम पाच वर्षांनी येते. ही पेटीतून निघालेली पावती, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, वर कुंकवाचा ठिपका. पावतीवर मॅच्युरिटीची रक्कम मोठ्या अक्षरात आहे, दरवर्षी व्याज किती जमा होईल ते कुठेच नाही. काउंटरवर कोणी सांगितलंही नाही, आणि हा माझा जुना राग आहे, म्हाताऱ्या माणसाला क्युम्युलेटिव्ह विकताना दोन वाक्यं जास्त बोलायला काय जाते?

तर सरांचा हिशोब सरळ होता, पैसे हातात आले नाहीत तर उत्पन्न कसलं. पण बँकेनं मार्च २०२४ पर्यंतचं ७३,८०० रुपये व्याज त्यांच्या नावावर जमा धरलं आणि दहा टक्क्यानं ७,३८० टीडीएस कापला. रिटर्न भरताना टीडीएसचा आकडा पोर्टलवर आधीच भरून आला होता, तो सरांनी राहू दिला, रिफंड मिळते ना! आणि शेजारी भरून आलेलं एफडीचं व्याज मात्र स्वतःच्या हातानं खोडलं.

(टेबलावर पसरलेले कागद. पंखा बंद करावा लागतो.)

ही रांग सूनबाईनं लावली. पहिला कागद २६एएस, पोर्टलवरूनच निघते, त्यात कोणी किती रकमेवर किती टीडीएस कापला ते असते. सरांच्यात दोन नोंदी होत्या, पेन्शनची ४,८०,००० आणि एफडीची ७३,८००. त्याच्या बाजूला रिटर्नची कॉपी ठेवली, त्यात पेन्शन आणि सेव्हिंगचं ६,२०० व्याज, बस. भांडण ते एवढंच.

मग एआयएस, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची पोर्टलवरची यादी. इथे एक गंमत होती. एफडीचं तेच व्याज दोनदा दिसत होतं, एकदा टीडीएसच्या नोंदीत आणि एकदा बँकेनं वेगळी माहिती पाठवली त्यात. सरांनी दोन्हींची बेरीज केली, दीड लाखाच्या जवळ गेली, आणि गणिताच्या मास्तरांचा चेहरा बघा इथे. पण ती एकाच पैशाची दोन नावं. खात्री कशी करायची? बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट आणि फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचा दाखला, दोन्हींवर ७३,८०० च होतं. सर्टिफिकेट मागताना आर्थिक वर्ष २०२३-२४ असं सांगावं लागते, नोटिशीवर असते असेसमेंट इयर, म्हणजे त्याच्या पुढचं, २०२४-२५, आणि सरांनी तेच सांगितल्यामुळे पहिल्या दिवशी चुकीच्या वर्षाचं सर्टिफिकेट हातात घेऊन आले. शाखेत कॅमेरा नेऊ दिला नाही, म्हणून फक्त बाहेरची पायरी दिसते.

(सर पेन्सिलनं जुन्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब करताना.)

सरांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं बरं का. पैसे हातात येतील तेव्हा व्याज दाखवायचं, अशी पद्धत कायद्यात चालते. पण मग टीडीएसही तेव्हाच मागायचा, आणि तो पुढे ओढायची सोय आयटीआर-१ या साध्या रिटर्न फॉर्ममध्ये नाही, आयटीआर-२ भरावा लागते. शिवाय वहीत काय निघालं ते पहा, पाच वर्षांचं व्याज साधारण साडेचार लाख, ते एकाच वर्षात पेन्शनवर येऊन बसणार. आणि २०२३-२४ चं त्याच वर्षी दाखवलं तर? पेन्शन, सेव्हिंग, एफडी मिळून ५,६०,०००, त्यातून ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन, उरले ५,१०,०००. टॅक्सच्या नवीन पद्धतीत तेव्हा सात लाखापर्यंत सूट होती, म्हणजे टॅक्स शून्यच.

सरांनी ते शून्य दोनदा गिरवलं. "म्हणजे दाखवलं असतं तरी रिफंड तेवढाच?" तेवढाच.

(लॅपटॉप. रात्र.)

पोर्टलवर Pending Actions मध्ये e-Proceedings, तिथे ही नोटीस. Agree किंवा Disagree, दोनच रस्ते. यांनी Agree केलं आणि रिटर्न पुन्हा भरलं, कलम १३९(९) निवडून, जुन्या रिटर्नचा पावती नंबर आणि नोटिशीचा नंबर-तारीख टाकून, कारण ते नाही टाकलं तर हे उत्तर त्या नोटिशीला जोडलंच जात नाही. इतर उत्पन्नात एफडीचं व्याज वेगळ्या ओळीत, सेव्हिंगचं वेगळ्या. मग आधारचा ओटीपी, तो सरांच्या मोबाईलवर, आणि मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. कागद कुठेच अपलोड करावे लागले नाहीत, पण आकडे त्याच कागदांवरून आले, म्हणून सगळे एका फाईलमध्ये लावून ठेवलेत.

तेराव्या दिवशी उत्तर गेलं. पुढे रिफंडही आला, ते शूट करायचं राहिलं.

(एफडीची पावती. सर कव्हरमधून काढतात, पाठीमागे पेन्सिलनं आडव्या चार रेघा मारतात.)

मार्च २०२४ समोर ७३,८००. खालच्या ओळी सध्या रिकाम्या.