रात्रपाळीसाठी अर्धं पान

नमस्कार, श्रोतेहो. दुपारी रुग्णालयात केस कॉन्फरन्स होते. एका रुग्णावर तीस-चाळीस स्लाइड्स, तज्ज्ञांची चर्चा, सगळं सविस्तर. रात्री नऊला पाळी बदलते आणि एकट्या डॉक्टरकडे अख्खा वॉर्ड येतो. त्याला त्या स्लाइड्समधलं काय द्यायचं? हे मला एका डेंग्यूच्या रुग्णाने शिकवलं, तीच गोष्ट सांगते.

पावसाळ्याचे दिवस, वॉर्ड भरलेला. तिशीतला तरुण, वजन 60 किलो, तापाचा पाचवा दिवस. सकाळीच ताप उतरलेला, त्यामुळे घरचे निश्चिंत. डेंग्यूत खरी काळजी तिथेच सुरू होते. ताप उतरताना रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, रक्त दाट होतं. हे साधारण 24 ते 48 तास चालतं. पुन्हा सांगते, ताप उतरला म्हणजे धोका टळला असं नाही.

दुपारच्या स्लाइड्समध्ये सगळं होतं: प्रवासाचा इतिहास, मलेरिया का नाही याची चर्चा, यकृताच्या तपासण्या, प्लेटलेटचा रंगीत आलेख. आमच्या निवासी डॉक्टरने संध्याकाळी त्यातून अर्धं पान काढलं. निदान कसं ठरलं, हे तिने एका ओळीत संपवलं. वर लिहिलं, ‘बेड 14, रात्रीत बिघडू शकतो.’ त्याखाली संध्याकाळी सातचे आकडे: रक्तदाब 110/70, हिमॅटोक्रिट 41, म्हणजे रक्ताचा दाटपणा, आणि प्लेटलेट 38 हजार. मग कामं: दर तासाला नाडी, रक्तदाब आणि लघवीचं माप, रात्री एकला हिमॅटोक्रिट. आणि शेवटी सगळ्यात मोलाच्या ओळी, ‘असं झालं तर असं करा’:

‘वरच्या-खालच्या रक्तदाबातलं अंतर 20 किंवा कमी झालं आणि हिमॅटोक्रिट चढलं, तर सलाईन 600 मिली एका तासात, आणि मला फोन. अंतर कमी आणि हिमॅटोक्रिटही घसरलं, तर आत रक्तस्राव समजा, रक्त मागवा. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट 10 हजारांच्या खाली जाईपर्यंत देऊ नका.’

रात्री दोनच्या सुमारास सिस्टरने डॉक्टरांना उठवलं. रक्तदाब 100/80. वरचा आकडा 100 दिसला की ‘ठीक आहे’ म्हणून पुढे जायचा मोह होतो. पण अंतर फक्त 20 होतं, आणि एकच्या नमुन्याचा हिमॅटोक्रिट 49 आला होता. 41 वरून 49, म्हणजे जवळजवळ वीस टक्के वाढ. संध्याकाळचा 41 कागदावर नसता तर 49 चा अर्थ कसा लागला असता? डॉक्टरने हात लावून पाहिले, तळवे गार. लगेच सलाईन सुरू झालं, फोन गेला. तासाभराने दाब 110/76, हातपाय गरम, आणि सलाईनचा वेग कमी केला.

बाहेर नातेवाईक प्लेटलेटसाठी दाते गोळा करत होते. एक सांगू का, डेंग्यूत माणसं प्लेटलेटच्या आकड्यामागे धावतात आणि लघवी किती झाली हे कोणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पपईच्या पानांचा रस काढण्यात गुंतलेल्या घरच्यांनी रुग्णाच्या लघवीची वेळ लिहून ठेवली, तर आम्हाला केवढी मदत होईल!

असो. तर स्लाइड्स उघडल्यावर प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: यामुळे आज रात्री कोणाचा हात काही वेगळं करेल का? नसेल, तर ते वाक्य गाळा. आज रात्री काय करायचं, तेवढंच ठेवा.

आणि कागद नुसता टेबलावर ठेवून जाऊ नका. समोरच्याने तो आपल्या शब्दांत परत सांगितला पाहिजे. अमेरिका आणि कॅनडातल्या 9 रुग्णालयांच्या बालरोग विभागांनी पाळी सोपवताना असा साचा वापरला. परत सांगणं ही त्यातली शेवटची पायरी. 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, उपचारातल्या चुका 23 टक्क्यांनी घटल्या होत्या. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या म्हणजे निरोप समजला, असं मी तरी धरत नाही.

शेवटचं, नोंदीवर तारीख आणि वेळ हवीच. दुसऱ्या रात्री तीच नोंद उतरवून काढू नका. डेंग्यूत झिरपणं थांबलं की बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात येतं. कालच्याच वेगाने सलाईन चालू राहिलं तर ते फुप्फुसांत साठतं, रुग्णाला धाप लागते. आमच्या त्या रुग्णाची दुसऱ्या रात्रीची नोंद म्हणूनच वेगळी होती: ‘हिमॅटोक्रिट 40, लघवी भरपूर, भूक लागली आहे. सलाईन बंद. धाप लागली तर सलाईन पुन्हा लावू नका, मला बोलवा.’