दोन चुका मिळून गेट सुरळीत चालतं तेव्हा

मंडळी, आज स्लायडिंग गेटच्या मोटरच्या वायरिंगबद्दल बोलायचं आहे, पण सगळ्या वायरिंगबद्दल नाही. एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, अर्थिंग, जमिनीखालचा पाइप हे तुम्ही रोज करता. मी बोलणार आहे ते एकाच प्रश्नावर: गेट उघडलंय की बंद झालंय, हे बोर्डाला कळतं कसं? कारण बोर्डाला डोळे नाहीत. त्याच्याकडे येतात फक्त दोन लिमिट स्विचच्या वायरी, आणि त्याच्याकडून मोटरला जातात दोन दिशांच्या दोन वायरी. या दोन जोड्यांचा मेळ बसला नाही तर काय होतं, ते आज नीट पाहू.

आपल्याकडे सोसायट्यांत आणि बंगल्यांत बहुतेक 230 व्होल्टची सिंगल फेज मोटर असते. तिच्यात दोन सारख्या वाइंडिंग असतात. दोघींचं एक टोक एकत्र आणलेलं असतं, तो कॉमन. उरलेली दोन टोकं मोकळी, आणि त्यांच्या मधे कपॅसिटर. बोर्ड एका टोकाला फेज देतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला वीज कपॅसिटरमधून जाते आणि मोटर एका बाजूला फिरते. फेज दुसऱ्या टोकाला दिला की ती उलटी फिरते. म्हणजे दिशा बदलायची असेल तर फक्त ही दोन टोकं अदलाबदल करायची. कॉमनला हात लावायचा नाही, आणि कपॅसिटरच्या वायरी उलटसुलट करून काहीच फरक पडत नाही.

वायरीच्या रंगावर विसंबू नका. एका कंपनीचा निळा कॉमन असतो, दुसरीचा करडा, आणि रिवाइंड करून आलेल्या मोटरला तर दुकानात जी वायर होती ती लावलेली असते. मल्टीमीटर घ्या. एमसीबी बंद करा, कपॅसिटर चाचणीच्या बल्बमधून डिस्चार्ज करा, मग त्याची एक वायर सोडवा. आता तीन वायरींमधला रेझिस्टन्स दोन-दोन करून मोजा. समजा दोन वेळा 18 ओहम आला आणि एकदा 36. ज्या दोन वायरींमधे 36 आला त्या दिशेच्या वायरी. राहिली ती कॉमन. आकडे मोटरप्रमाणे बदलतील, पण मोठा आकडा दोन लहान आकड्यांच्या बेरजेएवढा आला पाहिजे. नाही आला तर वाइंडिंगमधेच घोटाळा आहे, बोर्डाला दोष देऊ नका.

आता लिमिट स्विच. स्प्रिंगवाल्या मोटरला बाहेर एक जाड स्प्रिंग दिसते. रॅकवर दोन्ही टोकांना पत्र्याच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. गेट एका टोकाला पोचलं की पट्टी स्प्रिंगला ढकलते आणि आतला एक कॉन्टॅक्ट सुटतो. दुसऱ्या टोकाला दुसरा सुटतो. बहुतेक बोर्डांवर हे दोन्ही कॉन्टॅक्ट एनसी असतात, म्हणजे गेट मधे असताना दोन्ही जोडलेले. बोर्डावर त्यांचे दोन एलईडी पेटलेले दिसतात, आणि लिमिट लागली की त्यातला एक विझतो. हे एनसी ठेवण्यामागे कारण आहे. वायर तुटली, उंदराने कुरतडली, तरी बोर्डाला वाटतं लिमिट लागली आणि तो त्या दिशेला मोटर फिरवत नाही. तुटलेल्या वायरीने गेट थांबलेलं बरं, पळत सुटलेलं नको.

पण प्रत्येक लिमिट एकच दिशा अडवते, इथे लक्ष द्या. ओपन लिमिट लागली तर बोर्ड उघडणं थांबवतो, बंद करायला तो मोकळा असतो. बोर्ड उघडण्याच्या हुकमावर असताना क्लोज लिमिट लागली, तर तो तिकडे बघतही नाही.

समजा गेट नीट चालत होतं, मोटर जळली, नवी आली आणि बसवणाऱ्याने दिशेच्या दोन वायरी उलट्या जोडल्या. लिमिट जुन्याच जागी. गेट बंद टोकाला उभं आहे, क्लोज लिमिट लागलेली आहे. रिमोट दाबला. बोर्ड म्हणतो, गेट बंद आहे, म्हणजे उघडायचं. तो उघडण्याच्या टोकाला फेज देतो, पण मोटर उलटी असल्याने गेट बंद बाजूलाच रेटते. गेट आधीच स्टॉपरला टेकलेलं. मोटर गुरगुरते, क्लच घसरतो किंवा ठरलेली वेळ संपून बोर्ड बंद करतो. पुन्हा रिमोट दाबला, पुन्हा तेच. वॉचमन सांगतो, ‘साहेब, मोटर आवाज करते पण ओढत नाही,’ आणि लोक कपॅसिटर बदलत बसतात. कपॅसिटर कमजोर असेल तरी मोटर गुरगुरते, म्हणून हा गोंधळ होतो. फरक कळायला चावीने क्लच सोडा, गेट हाताने मध्यावर आणा, क्लच लावा आणि रिमोट दाबा. कपॅसिटर गेलेला असेल तर मधेही ओढणार नाही. दिशा उलटी असेल तर मधून गेट झकास पळेल, पण चुकीच्या बाजूला.

ही चूक स्वतःहून ओरडते, म्हणून मला तिची तेवढी काळजी नाही. काळजी आहे ती दोन्ही जोड्या उलट्या असण्याची. मोटरही उलटी, लिमिटही उलट्या. मग गेट दोन्ही टोकांना बरोबर थांबतं, रिमोटला प्रतिसाद देतं, सगळे खूश. फक्त बोर्डाच्या समजुतीत उघडं म्हणजे बंद आणि बंद म्हणजे उघडं.

असं एक गेट मी एका सोसायटीत पाहिलं. पाच मीटरचं, जड, लोखंडी. तक्रार अशी होती की फोटोसेल काम करत नाही. गेट बंद होताना मधे माणूस उभा राहिला तरी ते येतच राहतं. आधीच्या माणसाने फोटोसेल बदलून पाहिला होता. नवा फोटोसेलही हात आडवा धरला की टिक करून रिले बदलत होता, बोर्डावरचा एलईडीही विझत होता. म्हणजे संदेश बोर्डापर्यंत पोचत होता. तरी गेट थांबेना. उलट उघडताना हात आडवा धरला तर गेट चटकन मागे फिरून बंद व्हायला लागायचं, आणि याला सगळे ‘सेन्सर खुळा आहे’ म्हणत होते. सेन्सर शहाणाच होता. बहुतेक बोर्डांत फोटोसेलचं इनपुट फक्त बंद होताना लक्षात घेतलं जातं, उघडताना नाही. आणि या बोर्डाला वाटत होतं की गेट उघडतंय तेव्हा ते बंद होतंय. ऑटो-क्लोज बंद ठेवलेला होता म्हणून हे झाकलं गेलं. तो चालू केला असता तर बंद झालेलं गेट थोड्या वेळाने आपोआप उघडलं असतं आणि त्याच दिवशी चूक उजेडात आली असती.

म्हणून नवी मोटर बसवा किंवा बोर्ड बदला, दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. पहिला: क्लच सोडून गेट हाताने पूर्ण उघडं करा आणि बोर्डावर बघा, कुठला एलईडी विझला? ओपन लिमिटचाच विझला पाहिजे. यात मोटर फिरतच नाही, म्हणून मोटरची चूक लिमिटची चूक लपवू शकत नाही. दुसरा: गेट मध्यावर आणा, क्लच लावा, आणि बोर्डावरच्या फक्त उघडण्याच्या टर्मिनलला कॉमनशी वायरच्या तुकड्याने क्षणभर टेकवा. गेट उघडण्याच्या बाजूला गेलं पाहिजे. रिमोटने ही चाचणी करू नका, कारण रिमोटचा हुकूम ‘आलटून पालटून’ असतो, त्याने खरं उत्तर मिळत नाही. झाकण उघडं असताना बोर्डावर 230 व्होल्ट असतात, तेव्हा फक्त लो-व्होल्टेजच्या टर्मिनलच्या बाजूलाच हात ठेवा. काही बोर्डांवर डावी-उजवी बाजू निवडायचा छोटा स्विच असतो. कुठल्या बोर्डावर तो फक्त मोटर उलटवतो, कुठे लिमिटही सोबत उलटवतो. त्यामुळे तो हलवला की दोन्ही प्रश्न पुन्हा विचारायचे.

फोटोसेलचा विषय निघालाच आहे तर एक लिंकची गोष्ट. बोर्ड नवा येतो तेव्हा स्टॉप आणि फोटो या इनपुटांना कॉमनशी जोडणारा वायरचा तुकडा कंपनीनेच लावलेला असतो, कारण ती एनसी इनपुटं मोकळी राहिली तर गेट हलणारच नाही. फोटोसेल लावताना तो तुकडा काढावा लागतो. तो राहिला, तर फोटोसेलचा कॉन्टॅक्ट सुटला तरी लिंक जोडलेलीच. सगळं ठीक दिसतं आणि संरक्षण शून्य. हाताने किरण अडवून गेट थांबतं का हे बंद होताना पाहिल्याशिवाय कामाचे पैसे घेऊ नका.

आणि लिमिट आहे म्हणून रुळाच्या टोकाचा लोखंडी स्टॉपर काढून टाकू नका. बऱ्याच बोर्डांत लिमिटची वायर मोटरची वीज थेट तोडत नाही. ती फक्त बोर्डाला निरोप देते आणि बोर्ड रिले सोडतो. रिलेचे पॉइंट जळून चिकटले तर निरोप पोचूनही मोटर फिरत राहते. तेव्हा गेट रुळावरून उतरून कोणाच्या अंगावर पडू नये यासाठी स्टॉपरच लागतो. मोटर लिमिटनंतरही थोडी घसरते, म्हणून पट्टी अशी बसवा की गेट स्टॉपरच्या थोडं आधी थांबेल.

रिसीव्हरबद्दल फार बोलायला नको. बोर्डावरचा असेल तर लर्न बटण दाबून रिमोट शिकवायचा. त्याआधी जुनी मेमरी पुसून टाका, नाहीतर सोडून गेलेल्या भाडेकरूचा रिमोट चालूच राहतो. 433.92 मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरला साधारण 17 सेंटिमीटरची सरळ वायर अँटेना म्हणून लागते. ती गुंडाळून लोखंडी डब्यात कोंबली की रिमोट गेटच्या अगदी जवळ येऊन दाबावा लागतो. वेगळा रिसीव्हर लावत असाल तर त्याच्या रिलेचे कॉमन आणि एनओ बोर्डाच्या स्टार्ट टर्मिनलला जोडा, आणि त्याचा मोड क्षणिक ठेवा. तो धरून ठेवण्याच्या मोडवर असेल तर पहिल्या दाबाने गेट चालू होतं, पण रिलेचा कॉन्टॅक्ट जोडलेलाच राहतो. बोर्डाला नवा हुकूम मिळत नाही आणि दर दुसरा दाब वाया जातो. तिथे रिमोटचे सेल बदलून काही होत नाही. रिसीव्हरवरचा जंपर बदला.