रेघेमागची जमीन

[दृश्य: सांगलीतलं एक मैदान, हिवाळ्यातली सकाळ. एक मुलगा डब्यातून फक्की सोडत खेळपट्टीवर रेघ ओढतोय.]

निवेदन:
ही फक्कीची रेघ स्टम्पपासून चार फूट पुढे आहे. फलंदाज हिलाच क्रीझ म्हणतो. पण रेघेला जाडी असते, आणि हद्द नेमकी कुठून धरायची हे अनेक वर्षं खेळलेल्या मुलांनाही ठाऊक नसतं. नियमाच्या दृष्टीनं क्रीझ म्हणजे या रेघेची आतली, स्टम्पकडची कड. फक्की पडली आहे तेवढी जागा बाहेरची. बॅट रेघेवर टेकली आणि कडेच्या आत काहीच नाही, तर फलंदाज बाहेर आहे.

आम्ही हे चित्रण केलं ते एका रनआऊटमुळे. मागच्या हंगामात याच मैदानावर मी स्क्वेअर लेगला पंच होतो. शेवटच्या षटकात दोन धावा हव्या होत्या. फलंदाजानं चेंडू मिडविकेटला ढकलला, पहिली धाव सहज झाली आणि दुसरीसाठी तो वळला. फेक कीपरच्या हातात आली, बेल्स उडाल्या, मी बोट वर केलं. मुलगा धावत माझ्याकडे आला. “सर, मी आत हुतो!”

तो खोटं बोलत नव्हता. बेल्स उडाल्या तेव्हा त्याची बॅट रेघेच्या आत होतीच. पण हवेत होती.

[दृश्य: जवळून, जमिनीच्या पातळीवरून. फक्कीची अखंड रेघ आणि तिच्या आत मातीवर उमटलेला ओरखडा.]

निवेदन:
त्याला घेऊन मी क्रीझपाशी गेलो. माझा निर्णय मी डोळ्यांनी पाहून दिला होता, पण काय झालं ते तिथल्या मातीतही दिसत होतं. बॅटचा ओरखडा रेघेच्या आत एक वीतभर अंतरावर सुरू होत होता. बाहेर काही खूण नव्हती आणि फक्की जशीच्या तशी होती. बॅट जमिनीवरून सरकत आली असती, तर रेघ पुसली गेली असती. ती वरून आली, रेघ ओलांडून पुढे टेकली, आणि टेकेपर्यंत बेल स्टम्पवरून सुटली होती.

नियम एवढाच आहे: बेल सुटते त्या क्षणी फलंदाजाच्या शरीराचा किंवा हातातल्या बॅटचा काही भाग क्रीझच्या मागे जमिनीला टेकलेला हवा. “हातातल्या” हा शब्दही महत्त्वाचा आहे. हातातून सुटून क्रीझमध्ये पडलेली बॅट कामाची नाही.

[दृश्य: दोन फलंदाज. एक बॅट उभी धरून धावतोय, दुसरा वाकून, हात लांब करून, बॅट सरकवत येतोय.]

निवेदन:
एका क्रीझपासून दुसऱ्या क्रीझपर्यंत अंतर 58 फूट, म्हणजे साधारण साडेसतरा मीटर. तीन सेकंदांत धाव काढणारा फलंदाज सेकंदाला जवळपास सहा मीटर धावतो. हात आणि बॅट पुढे लांबवली, तर पायांच्या आधी सहज एक मीटर पुढे पोचता येतं. म्हणजे सेकंदाचा सहावा भाग वाचला. थेट फेकीच्या रनआऊटचा निकाल अनेकदा याहून कमी फरकानं लागतो.

ही बॅट टेकवायची कुठे? रेघेवर नाही, रेघेच्या चांगलं दीड-दोन हात अलीकडे. तिथून ती जमिनीला घासत आत न्यायची. हात सरळ, शरीर खाली, आणि बॅटचा दांडा जमिनीच्या शक्य तितका जवळ. कोन उभा राहिला की बॅटचं टोक पहारीसारखं मातीत घुसतं.

ते घुसलं की काय होतं, हे सगळ्या देशानं पाहिलं आहे. 23 फेब्रुवारी 2023, केपटाऊन. महिला टी-ट्वेंटी विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य 173. सांगलीत वाढलेली आपली स्मृती मानधना आधीच बाद झाली होती आणि हरमनप्रीत कौरनं 52 धावांपर्यंत डाव ओढून आणला होता. ती दुसरी धाव पूर्ण करत होती. क्रीझच्या अलीकडेच तिची बॅट जमिनीत अडकली, अंग पुढे गेलं, बॅट मागे राहिली, आणि अलिसा हीलीनं बेल्स उडवल्या. भारत पाच धावांनी हरला. मला आजही ते दृश्य पुन्हा बघवत नाही.

एक गोष्ट मात्र फलंदाजाच्या बाजूनं बदलली आहे. पूर्वी बॅट एकदा आत टेकून उसळली आणि तेवढ्यात बेल्स उडाल्या, तर तो बाद व्हायचा. 2017 पासून तसं नाही. धावत किंवा सूर मारत येताना बॅट अथवा पाय क्रीझच्या मागे एकदा टेकला आणि त्याच वेगात पुढे जाताना उचलला गेला, तरी फलंदाज सुरक्षित. आमच्या त्या मुलाला हा नियम उपयोगी पडला नाही, कारण त्याची बॅट आधी टेकलीच नव्हती.

[दृश्य: फिरकी गोलंदाजी. मागचा पाय जवळून. टाच उचललेली, अंगठा रेघेवर.]

निवेदन:
हेच संरक्षण स्टम्पिंगला मागू नका. तिथे फलंदाज धावत नसतो. फिरकीला पुढे गेला, चेंडू हुकला, तोल सावरताना मागचा पाय क्षणभर उचलला, आणि कीपरनं तेवढ्यात बेल काढली, तर तो बाद. पाय आधी आत होता हे सांगून उपयोग नाही. नुसता अंगठा रेघेवर टेकलेला असेल तरी बाद, कारण रेघ बाहेरची.

धाव घ्यायचा प्रयत्न नाही आणि कीपरनं दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय बेल्स उडवल्या, की ते स्टम्पिंग. ती विकेट गोलंदाजाच्या खात्यात जाते. वाईड चेंडूवरही होतं, नोबॉलवर होत नाही. कीपरवरही बंधन आहे. चेंडू बॅटला किंवा फलंदाजाला लागेपर्यंत, अथवा स्टम्पच्या मागे जाईपर्यंत त्यानं ग्लोव्हज स्टम्पच्या पुढे आणायचे नाहीत.

[दृश्य: स्टम्पवरच्या खाचेत बसलेली बेल. ती हलते, पुन्हा खाचेत बसते.]

निवेदन:
ही बेल हलली, पण पडली नाही. विकेट नाही. ती स्टम्पच्या डोक्यावरून पूर्ण सुटायला हवी. मात्र पडता पडता दोन स्टम्पच्या मध्ये अडकून राहिली, तर ती सुटलीच. आणि बेल ज्या हातानं उडवायची, चेंडू त्याच हातात हवा. घाईत डाव्या ग्लोव्हनं बेल उडते आणि चेंडू उजव्यात असतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. असं झालं आणि दोन्ही बेल्स खाली पडल्या, तर चेंडू हातात धरून त्याच हातानं स्टम्प जमिनीतून उखडावा लागतो.

[दृश्य: पुन्हा तेच मैदान. तोच मुलगा, आता सरावाला. नुकतीच ओढलेली रेघ.]

निवेदन:
आता तो रोज सरावाआधी दहा वेळा नुसता धावून येतो. चेंडू नाही, कीपर नाही. आल्यावर मागे वळून ओरखडा बघतो.

पहिल्या दिवशी ओरखडे रेघेच्या आतच सुरू होत होते. आजचा हा पाहा. रेघेच्या दोन हात अलीकडे सुरू झालाय, सरळ आत गेलाय, आणि मधल्या फक्कीत बॅटच्या रुंदीएवढी खिंड पडली आहे.

“सर, रेघ पुसली,” तो म्हणतो, आणि फक्कीचा डबा आणायला धावतो.