पस्तीस जिल्हे, पाच रंग

[पडदा: महाराष्ट्राचा रेखा-नकाशा. जिल्ह्यांच्या सीमा दिसतात, रंग अजून भरलेले नाहीत.]

२०११च्या जनगणनेचा महाराष्ट्र. तेव्हा जिल्हे पस्तीस होते; ठाण्यातून पालघर वेगळा झाला तो २०१४ साली. आपल्याला नकाशावर दाखवायचं आहे एकच: दर चौरस किलोमीटरमध्ये किती माणसं राहतात. जिथे दाटी तिथे गडद रंग, जिथे विरळ तिथे फिका. शाळेच्या भूगोलात याला क्षेत्रघनी नकाशा म्हणतात.

पस्तीस जिल्ह्यांना पस्तीस छटा दिल्या तर डोळ्यांना त्या ओळखता येणार नाहीत, म्हणून पाच गट पाडायचे. आता प्रश्न उरतो तो गटांच्या सीमा कुठे ठेवायच्या एवढाच. आकडे तेच, रंग तेच, आणि तरी या एका निर्णयावर तीन वेगवेगळे महाराष्ट्र तयार होतात.

[पडदा: एक आडवी रेघ. तिच्यावर पस्तीस ठिपके एकेक करून येतात. तेहेतीस ठिपके डाव्या टोकाला एकमेकांवर साचतात, दोन दूर उजवीकडे.]

नकाशाला हात लावण्याआधी आकडे असे एका रेघेवर मांडून बघावेत. सगळ्यात डावीकडे गडचिरोली, ७४. मग सिंधुदुर्ग १६३, चंद्रपूर, रत्नागिरी, यवतमाळ. बहुतेक जिल्हे दोनशे ते चारशेच्या आत आहेत. नागपूर ४७०, कोल्हापूर ५०४, पुणे ६०३. त्यानंतर एकदम ठाणे, ११५७. आणि मग लांबच लांब मोकळी रेघ. ती संपते तिथे मुंबई शहर, १९ हजार ६५२, आणि मुंबई उपनगर, २० हजार ९८०.

आकडे एका बाजूला कललेले असतात म्हणजे नेमकं काय, ते इथे मोजून बघता येतं. गडचिरोली ते पुणे हे सगळं अंतर भरतं ५२९. मुंबईच्या दोन जिल्ह्यांमधलंच अंतर १३२८ आहे. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

[पडदा: नकाशे बनवण्याच्या क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरची खिडकी. Symbology, त्यात Graduated. Mode च्या यादीत Equal Interval निवडलं जातं.]

पहिली पद्धत समान वर्गांतराची. सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळ्यात लहान वजा करा, पाचाने भागा. एक गट आला सुमारे ४१८१ रुंदीचा. म्हणजे पहिला गट ७४ पासून ४२५५ पर्यंत.

[पडदा: जवळजवळ सगळा नकाशा एकाच फिक्या रंगाने भरतो.]

तेहेतीस जिल्हे पहिल्या गटात. मधले तीन गट रिकामे. उरलेले दोन जिल्हे शेवटच्या गटात, तेही शोधावे लागतात, कारण राज्याच्या तीन लाख चौरस किलोमीटरमध्ये मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून जेमतेम सहाशे भरतात. सूचीत पाच रंग आणि नकाशावर एक. गडचिरोलीचं जंगल आणि अविभाजित ठाणे जिल्हा एकाच छटेत. नकाशा खोटं बोलत नाही. तो फक्त काहीच बोलत नाही.

[पडदा: Mode मध्ये Equal Count (Quantile).]

दुसरी पद्धत जिल्हे मोजते, अंतर नाही. चढत्या क्रमाने लावा आणि सात-सातचे पाच गट करा. क्वांटाइल.

[पडदा: नकाशावर पाचही रंग येतात. पूर्व विदर्भ आणि दक्षिण कोकण फिके, पश्चिमेकडे गडद पट्टे.]

हा नकाशा पाहताक्षणी आवडतो. पाचही रंग भरपूर, प्रदेश वेगळे उठून दिसतात, आणि म्हणूनच अहवालांमधून हाच जास्त दिसतो. पण याच्या सीमा जवळून बघू.

[पडदा: अहमदनगर आणि बुलढाणा हे दोन जिल्हे ठळक होतात.]

चौदावा जिल्हा अहमदनगर, घनता २६६. पंधरावा बुलढाणा, २६८. चौरस किलोमीटरमागे दोन माणसांचा फरक, पण चौदाव्यावर गट भरला म्हणून एक या रंगात आणि दुसरा त्या रंगात. नकाशा वाचणारा तिथे काहीतरी कारण शोधत बसेल. तिथे कारण नाही, तिथे फक्त भागाकार आहे.

[पडदा: सगळ्यात गडद गटातले सात जिल्हे.]

आणि दुसऱ्या टोकाला उलटा प्रकार. सगळ्यात गडद गटात नाशिकपासून मुंबई उपनगरापर्यंत सात जिल्हे येतात: ३९३ आणि २० हजार ९८० यांना एकच रंग. जिथे फरक दोनाचा आहे तिथे रेघ, आणि जिथे पन्नासपटीपेक्षा जास्त आहे तिथे नाही.

[पडदा: Natural Breaks (Jenks).]

मग नैसर्गिक खंडांची पद्धत. अमेरिकन नकाशाशास्त्रज्ञ जॉर्ज जेंक्स यांच्या नावाने ती ओळखली जाते, साठच्या दशकातली. कल्पना अशी की आकड्यांमध्ये जिथे आपोआप फट पडली आहे तिथेच सीमा ठेवावी. हिशेब असा: प्रत्येक जिल्हा आपल्या गटाच्या सरासरीपासून किती दूर आहे ते अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची. ज्या मांडणीत ही बेरीज सगळ्यात कमी, ती मांडणी उत्तम.

कललेल्या आकड्यांसाठी हीच पद्धत वापरा, असं सर्रास सांगितलं जातं. निकाल बघू.

[पडदा: नकाशा पुन्हा बहुतांश दोन रंगांचा. ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर प्रत्येकी वेगळ्या रंगात.]

मुंबई शहराला एक गट. मुंबई उपनगराला एक गट. ठाण्याला एक. पाचापैकी तीन रंग तीन जिल्ह्यांत संपले, आणि उरलेल्या बत्तीस जिल्ह्यांच्या वाट्याला दोन: सांगलीपर्यंतचे चोवीस एकात, लातूरपासून पुण्यापर्यंतचे आठ दुसऱ्यात.

असं का, ते मघाच्या दोन आकड्यांत आहे. अंतराचा वर्ग होतो. मुंबईचे दोन जिल्हे एका गटात ठेवले तर बेरजेत पावणेनऊ लाखांहून जास्त भर पडते. बाकीचे बत्तीसच्या बत्तीस जिल्हे एका गटात कोंबले तरी भर पडते सव्वातीन लाखांच्या आत. म्हणजे या पद्धतीच्या लेखी दोन मुंबईंमधला फरक अख्ख्या उरलेल्या महाराष्ट्रातल्या फरकापेक्षा मोठा आहे. तिला टोकाच्या आकड्यांची झळ बसत नाही असं नाही. समान वर्गांतराइतकीच बसते, फक्त ती वेगळ्या तऱ्हेने रंग वाया घालवते.

[पडदा: तीन नकाशे शेजारी-शेजारी. प्रत्येकाखाली एक आकडा उमटतो: ०.९९७, ०.२७, ०.९९९८.]

वर्गीकरण किती चांगलं जमलं हे मोजायला एक गुणांक वापरतात, जीव्हीएफ. सगळ्या आकड्यांच्या एकूण विखुरणीपैकी किती भाग गट पाडल्यावर नाहीसा झाला, ते तो सांगतो. एकाच्या जितका जवळ तितका चांगला. आपल्या तीन नकाशांना तो लावला. नैसर्गिक खंडांना ०.९९९८, ते अपेक्षितच. क्वांटाइलला फक्त ०.२७. आणि ज्या नकाशावर जवळजवळ एकच रंग होता, त्याला ०.९९७!

चूक हिशेबात नाही. इथली जवळपास सगळी विखुरण 'मुंबई आणि बाकीचे' या एकाच दरीत आहे. ती दरी ज्याने पकडली त्याला पैकीच्या पैकी गुण, मग बाकीच्या तेहेतीस जिल्ह्यांचं त्याने काहीही करो. क्वांटाइलने नाशिकला मुंबईशेजारी बसवलं म्हणून तो नापास. जीव्हीएफ ०.९९ आला की काम झालं असं मानणाऱ्यांनी हे तीन आकडे एकदा स्वतः काढून बघावेत.

[पडदा: ठिपक्यांची रेघ परत. ठाणे आणि मुंबईचे दोन ठिपके बाजूला सरकतात. उरलेले बत्तीस पसरून मोकळे होतात.]

माझ्या मते इथे पद्धत बदलून भागत नाही, आधी आकडे वेगळे करावे लागतात. ठाणे आणि दोन मुंबई यांना हातानेच शेवटच्या गटात ठेवायचं: एक हजारच्या पुढे. ठाण्याला मुंबईसोबत बसवणं ही तडजोड आहे, हे मान्य. सहावा रंग परवडत असेल तर ते वेगळं करावं. उरलेल्या बत्तीस जिल्ह्यांवर नैसर्गिक खंडांची पद्धत चालवायची, चार गटांसाठी.

आता ती खरोखर फटी शोधते. पहिली सीमा उस्मानाबादच्या २१९ आणि अमरावतीच्या २३७ मध्ये. दुसरी परभणीच्या २९५ नंतर, नांदेडच्या ३१९ आधी. तिसरी नाशिकच्या ३९३ आणि नागपूरच्या ४७० मध्ये. सगळ्या सीमा मोकळ्या जागेत असल्यामुळे त्या गोल आकड्यांवर नेता येतात: २२५, ३००, ४००, आणि वर एक हजार. एकही जिल्हा इकडचा तिकडे होत नाही आणि सूची वाचणाऱ्याला लक्षात राहते.

[पडदा: अंतिम नकाशा. कोपऱ्यात मुंबईची मोठी केलेली चौकट.]

सगळ्यात फिक्या गटात सात जिल्हे: गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा हा सलग पट्टा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, आणि एकटं उस्मानाबाद. मग चौदा, मग आठ. त्यानंतर नागपूर, कोल्हापूर, पुणे असे तिघे. शेवटी ठाणे आणि मुंबई. मुंबईसाठी वेगळी चौकट हवीच. नाहीतर सगळ्यात दाट जागा नकाशावर दिसणारच नाही.

एक व्यावहारिक सूचना. २०११चे आकडे आजच्या सीमांच्या फाइलला जोडू नका. पालघर रिकामा राहील, आणि ठाण्याच्या लहान झालेल्या आकारावर अविभाजित जिल्ह्याची घनता चिकटेल. ती ११५७ जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागासकट निघालेली सरासरी आहे. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर यांची नावं बदलली आहेत. जोडणी नावावरून केली तर तेही कोरे राहतील.

[पडदा: २००१ आणि २०११, दोन नकाशे.]

दोन जनगणनांची तुलना करायची तर दोन्ही नकाशांना याच सीमा द्याव्या लागतात. प्रत्येक वर्षी संगणकाला नव्याने फटी शोधू दिल्या तर एखाद्या जिल्ह्याचा रंग का बदलला, लोक वाढले म्हणून की सीमा सरकली म्हणून, ते सांगता येत नाही.

आणि सीमा कायम ठेवल्या तरी एक गोष्ट या नकाशात सापडत नाही. त्या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या घटली, मुंबई शहराचीही. दोन्ही नकाशांत कोकणातले ते दोन जिल्हे त्याच फिक्या रंगात आहेत आणि मुंबई त्याच गडद रंगात. ती घट दाखवायची तर टक्केवारीतल्या बदलाचा नकाशा वेगळा काढावा लागेल, आणि त्यात पहिली सीमा कोणत्याही पद्धतीला विचारण्याची गरज नाही: ती शून्यावर.