घनमीटर जुळले, तरी खोकी मावेनात

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण तासगाव-सांगली भागातून बेदाणा परदेशी पाठवता, म्हणून उदाहरणही बेदाण्याचंच घेतो. वीस फुटी कंटेनर न्हावाशेव्याहून जायचा आहे. पॅकिंग लिस्ट म्हणते: १,५०० खोकी, प्रत्येक ३८ बाय २८ बाय २० सेंटिमीटर, एकूण ३१.९२ घनमीटर. कंटेनरची क्षमता साधारण ३३ घनमीटर. म्हणजे माल बसला, असं वाटतं. प्रत्यक्षात तो बसत नाही, आणि ते कागदावरच कळायला हवं.

घनमीटरची बेरीज म्हणजे माल पाण्यासारखा ओतता येतो असं धरून केलेला हिशोब. खोकी ओतता येत नाहीत. म्हणून तपासणाऱ्याने आधी थर मोजावा. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९० मीटर लांब, २.३५ रुंद आणि २.३९ उंच असतो. खोक्याची २८ची बाजू लांबीकडे ठेवली, तर लांबीत २१ ओळी बसतात आणि रुंदीत ६ खोकी. एका थरात १२६. खोकं फिरवून ३८ची बाजू लांबीकडे केली, तर १५ गुणिले ८, म्हणजे १२०. पहिली मांडणी बरी. आता उंची पाहा. २० सेंटिमीटरचे बारा थर २.४० मीटर होतात, छत २.३९ वर आहे. एका सेंटिमीटरसाठी बारावा थर गेला. अकरा थरांत १,३८६ खोकी बसली आणि ११४ गोदामातच राहिली, जरी बेरीज घनमीटरला जुळत होती.

एवढ्यावर थांबू नका. यादीतलं माप बहुधा खोकी बनवणाऱ्याच्या कागदावरून उतरलेलं असतं, म्हणजे रिकाम्या खोक्याचं. बेदाणा भरून चिकटपट्टी लावली की बाजू फुगतात. २८ चं २८.५ झालं, तर २१ ओळींना ५.९८ मीटरहून जास्त लांबी लागते आणि दार बंद होत नाही. मग २० ओळी, म्हणजे थरात १२० आणि कंटेनरमध्ये १,३२० खोकी. काही ओळी आडव्या-उभ्या लावून थोडी वाढवता येतील, पण त्या भरवशावर ऑर्डर घेऊ नये. माझं सांगणं इतकंच, की यादी तयार करण्याआधी भरलेली दहा खोकी एका ओळीत खेटून ठेवा आणि सगळ्या ओळीची लांबी टेपने मोजा. एका खोक्याच्या मापात न दिसणारा फुगवटा दहा खोक्यांत लगेच दिसतो.

बेदाण्यात वजन अडवत नाही. खोकं १०.४ किलोचं धरलं, तर १,३२० खोक्यांचे पावणेचौदा टनही होत नाहीत. कोल्हापूरच्या फाउंड्रीचा माल मात्र नेमका उलटा असतो. तिथे कंटेनर निम्माही भरत नाही आणि वजनाची मर्यादा संपते. दारावर लिहिलेलं असतं: कमाल एकूण वजन ३०,४८० किलो, टेअर, म्हणजे रिकाम्या कंटेनरचं वजन, २,२३० किलो. वजाबाकी केली की मालासाठी २८,२५० उरतात. हे आकडे दारावरूनच घ्यावेत. टेअर प्रत्येक कंटेनरची वेगळी असते, आणि २४,००० किलोच्या कमाल मर्यादेचे जुने कंटेनरही असतात.

समजा यादीत २८ पेट्या आहेत, प्रत्येकीत ९८५ किलो कास्टिंग. निव्वळ वजन २७,५८० किलो, मर्यादेच्या आत. पण लाकडी पेटी ३५ किलोची असेल, तर ९८० किलो वाढून २८,५६० होतात. मर्यादा ३१० किलोंनी ओलांडली. ही चूक यादीतच सापडते: निव्वळ आणि एकूण वजनाचे दोन्ही रकाने सारखे दिसले, की पेटीचं वजन धरलेलंच नाही, हे समजा.

१ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. ते दोन प्रकारे काढता येतं. भरलेला कंटेनर काट्यावर तोलायचा, किंवा माल, पेट्या आणि माल हलू नये म्हणून लावलेलं लाकूड यांची वजनं टेअरमध्ये मिळवायची. दुसरी रीत वापरणाऱ्याने त्या लाकडाचं वजन विसरू नये, ते यादीत सहसा नसतं. वरच्या उदाहरणात एक पेटी काढली, तर माल २७,५४० किलो होतो आणि टेअरसह २९,७७०. लाकडासाठी ७१० किलो शिल्लक राहतात. पेटी काढायचा निर्णय मात्र शिपिंग बिल भरण्याआधी घ्या, म्हणजे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल तिन्हींवर २७ पेट्या येतील.