ऑर्गन्झाचा ताठपणा कुठे जातो

पंचवटीतल्या एका ताईंनी मागच्या महिन्यात मला साडी दाखवली. रेशमी ऑर्गन्झा. लेकीच्या साखरपुड्यात नेसल्या, निऱ्यांवर आमरस सांडला. घरी आल्या, गिझरचं गरम पाणी बादलीत घेतलं, रोजची पावडर टाकली आणि तासभर भिजवली. डाग गेला. साडी मात्र ओढणीसारखी लुळी पडली. इस्त्री केली, तरी उभी राहीना.

झालं काय ते ऐका. कोशातून निघालेल्या धाग्यावर नैसर्गिक डिंक असतो, त्याला सेरिसिन म्हणतात. येवल्याच्या पैठणीचं रेशीम रंगण्याआधी साबणाच्या पाण्यात उकळलेलं असतं. डिंक निघतो, म्हणून ती इतकी मऊ. ऑर्गन्झात तो डिंक मुद्दाम ठेवतात, धाग्याला पीळही भरपूर देतात. गरम पाणी आणि क्षारयुक्त पावडर, म्हणजे पैठणीचं काम ताईंनी बादलीत केलं! गेलेला डिंक परत येत नाही. पातळ खळ देऊन तात्पुरता ताठपणा आणता येतो, पण ती खळ पुढच्या धुण्यात निघून जाते आणि कपाटात कसर तिच्यावर ताव मारते.

म्हणून आधी ओळखा. आतल्या काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली, तर रेशीम. वितळून कडक मणी झाला, तर पॉलिस्टर. बाजारातली बहुतेक स्वस्त ऑर्गन्झा तीच असते. तिला डिंकाची भीती नाही, गरम इस्त्रीची आहे.

रेशमी असेल, तर ओल्या पांढऱ्या फडक्याने काठ दाबून रंग सुटतो का पाहा. रंग सुटला, किंवा साडीला जरीकाम असलं, तर ड्रायक्लीनला द्या. नाहीतर अर्धी बादली गार पाणी, चमचाभर लहान बाळाचा शॅम्पू, दोन-तीन मिनिटं नुसतं दाबायचं. चोळणं, पिळणं नाही. ओलं रेशीम कमजोर होतं, म्हणून दोन्ही हातांनी उचला, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवं पसरा. इस्त्री मंद, वर मलमल ठेवून.

नेट आणि लेसचं दुखणं वेगळं, ते हुकात अडकतं. हुक लावा, कपडा उशीच्या अभ्र्यात घाला आणि हातानेच धुवा.

ठेवताना ऑर्गन्झाची घडी नकोच. ताठ धागा त्याच त्याच रेषेवर मोडतो आणि एके दिवशी तिथेच फाटतो. कापडाच्या दुकानात पुठ्ठ्याची नळी मिळते, तिच्यावर जुनं धुतलेलं मलमल गुंडाळा, मग साडी. वरून पुन्हा मलमल, प्लास्टिक नाही. पावसाळ्यात गोदावरीवर धुकं उतरतं त्या दिवसांत कपाटात बंद करू नका. कोरडं ऊन पडलं की खोलीत हवेवर टाका, उन्हात नाही.

मागून कुणीतरी विचारतंय, घडीच घालावी लागली तर? मग घडीत मलमलीची गुंडाळी भरा आणि दर तीन महिन्यांनी घडीची जागा बदला.