गंगेवर जाताना

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नागपूरची माझी आत्तेबहीण, तिचे यजमान आणि त्यांची कॉलेजात जाणारी लेक असे तिघं आमच्याकडे आले होते. रात्री जेवताना लेकीने विचारलं, "मामा, उद्या पंचवटीत काय घालू? जीन्स चालेल ना?" म्हटलं, "चालेल की. तुला कुणी अडवणार नाही. पण सीतागुंफेत शिरलीस की तूच मला शिव्या देशील."

नाशिकला देवदर्शन म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढे देवळं येतात. देवळात कसं वागायचं हे आपल्याला घरातूनच माहीत असतं. उंबऱ्यावर पाय देऊ नये, गाभाऱ्यासमोरच्या कासवावर उभं राहू नये, तीर्थ उजव्या हातावर घ्यावं. खरी गडबड होते ती रामकुंडावर. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो आणि तिथे जाण्याला 'गंगेवर जाणं' म्हणतो. गंगेवर दार नाही, रांग नाही, पाटी वाचायला कुणी थांबत नाही. एकाच पाण्यात कुणी पुण्य मिळवायला बुडी मारत असतं, कुणी वडिलांच्या अस्थी सोडत असतं, आणि शेजारच्याच पायरीवर कुणी फोन उंच धरून सेल्फी काढत असतं. आपण तिसऱ्यातले असलो, तर पहिल्या दोघांचं भान आपणच ठेवायचं.

हे सोपं करायचा एकच उपाय मला माहीत आहे, तो म्हणजे वेळ. सूर्योदयाच्या आसपास कुंडावर स्नान करणारे असतात. पाण्यावर थोडं धुकं असतं, फुलवाल्या टोपल्या मांडत असतात, आणि गर्दी असली तरी ती निवांत असते. साधारण आठ-नऊ वाजल्यापासून दहाव्याची माणसं यायला लागतात आणि ते काम दुपारपर्यंत चालतं. संध्याकाळी गोदावरीच्या आरतीला पुन्हा आनंदाची गर्दी. म्हणजे पाहुण्याने पहाटे यावं किंवा संध्याकाळी यावं. अमावस्या किंवा पितृपंधरवडा असेल, तर सकाळचा रामकुंड सरळ त्या लोकांसाठी सोडून द्यावा. बुधवारी गंगाघाटावर आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी गाडी लावायला जागा शोधण्यातच तास जातो. एरवीसुद्धा गाडी घाटापर्यंत नेण्याच्या भानगडीत पडू नका. रिक्षाने पंचवटी कारंज्यापर्यंत या आणि पुढे चालत जा.

आम्ही घरून सव्वासहाला निघालो. यजमानांना बुडी मारायची होती. पुरुषांनी पंचा किंवा साधी हाफपँट घातलेली बरी. नुसत्या अंतर्वस्त्रांवर उतरणारे लोक दिसतात, पण शेजारी बायका-मुलं असतात हे त्यांना कुणी सांगत नाही. बायका साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्येच उतरतात. कापड गडद आणि जाडसर असावं, कारण पांढरं सुती कापड ओलं झालं की काय होतं ते सांगायला नको. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत न्या आणि एक माणूस कोरडा, सामानापाशी ठेवा. पायऱ्यांवर शेवाळ असतं. उतरताना तळपाय आडवा टेकवायचा, आणि कठड्याला किंवा साखळीला हात लागत असेल तिथूनच उतरायचं.

लेस बांधायचे बूट मात्र घरीच ठेवा. सकाळभरात चार वेळा पायातलं काढायचं असतं. आमच्या यजमानांचे बूट-मोजे होते. तिसऱ्या वेळी ते ओल्या मोज्यांनीच देवळात आले आणि फरशीवर घसरता घसरता वाचले.

कुंडावर पाऊल ठेवलं की कुणीतरी विचारतं, "गाव कुठलं? आडनाव काय?" बाहेरचे लोक इथे एकदम सावध होतात, काहीजण तर तोंड फिरवून चालू लागतात. हे तीर्थपुरोहित. यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळीच्या वह्या असतात आणि त्या गावा-आडनावावरून शोधतात. तुमच्या घराण्यातलं कुणी पूर्वी नाशिकला येऊन गेलं असेल, तर त्यांच्या हातची नोंद मिळू शकते. तुम्हाला विधी करायचा नसेल तर शांतपणे म्हणा, "गुरुजी, आज फक्त दर्शनाला आलोय." तेवढं पुरतं. करायचा असेल तर काय करणार आणि दक्षिणा किती, हे पाटावर बसायच्या आधी बोलून घ्या. मध्येच घासाघीस करताना दोघांनाही लाज वाटते.

आता ज्यासाठी मी आज बोलायला आलो, ते सांगतो. माझ्या काकांचा दहावा याच घाटावर झाला. मुंडण झालं, पिंड मांडले, भाताचा वाफाळता गोळा, त्यावर तीळ, दर्भ. मग सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्याची इच्छा उरली नाही असं आपण मानतो. आमचा कावळा येईना. कठड्यावर तीन बसले होते, खाली उतरत नव्हते. चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, "आईची काळजी करू नका, मी आहे." काही नाही. मग बहीण म्हणाली, "अण्णा, शेताचा तुकडा विकणार नाही." एक कावळा उडून पिंडापासून हातभर अंतरावर बसला. कुणी श्वास घेत नव्हतं. तेवढ्यात मागून एक टोळकं आलं, त्यातल्या एकाने सेल्फीची काठी पुढे काढली, कुणीतरी हसलं, आणि कावळा उडाला.

ती मुलं वाईट नव्हती. समोर काय चाललंय हे त्यांना कळलंच नव्हतं. आम्ही आणखी पाऊण तास उन्हात थांबलो, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला. चालतं तसंही, शास्त्रात सोय आहे. पण चुलतभाऊ अजून म्हणतो, "अण्णांचं काहीतरी राहिलं."

म्हणून ओळखायचं कसं ते सांगतो. नुकतंच मुंडण केलेली माणसं, जमिनीवर पत्रावळ किंवा केळीचं पान, त्यावर भाताचे गोळे, आणि सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला, हे दिसलं की तिथेच थांबा. मधून जाऊ नका, मागून वळसा घाला. आवाज खाली. फोन खिशात. कावळ्यांना शेव-फुटाणे टाकू नका, पोट भरलेला कावळा पिंडाकडे बघत नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगा, कारण लहान मूल कावळ्यामागे धावणारच. आणि ओळखीचं कुणी दिसलं तर नमस्कार करायची गरज नाही, सुतकात तशी रीत नाही. नुसती मान हलवली तरी पोचतं. अस्थी सोडणाऱ्यांचंही तसंच. तो मडक्यावरचा लाल कपडा फोटोत फार छान दिसतो, हे मला कबूल आहे. तरी नको. स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो तर कुठल्याच वेळी नकोत. काढायचेच असतील तर पाठ फिरवून नारोशंकराचं देऊळ घ्या, त्याची घंटा घ्या, ती कुणाच्या दुःखाची नाही.

आठ वाजायच्या आत आम्ही वर कपालेश्वराकडे वळलो. रामकुंडासमोरच पायऱ्या चढून जायचं. इथे महादेवापुढे नंदी नाही. नंदीला महादेवांनी गुरू मानलं, आणि गुरूला समोर कसं बसवायचं, अशी कथा सांगतात. सगळीकडून येणारे लोक नंदी शोधत फिरतात, त्यांना आधीच सांगितलेलं बरं. प्रदक्षिणा मात्र अर्धीच: अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती वाट ओलांडायची नाही, तिथून मागे फिरायचं. सोमवारी, त्यातून श्रावणात, इथे रांग मोठी असते.

काळाराम मंदिर तिथून चालत थोड्या अंतरावर. काळ्या दगडाचं देऊळ, भोवती मोठं आवार, चारी बाजूंना ओवऱ्या. पूर्वेच्या दरवाजातून आत जाताना मी पाहुण्यांना नेहमी थोडं थांबवतो. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या देवळातल्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला. 'आम्हाला आत सोडा' एवढंच त्या लोकांचं मागणं होतं. आज आपण चप्पल काढून सरळ आत जातो.

काळारामाचा वेळेशी संबंध दगडामुळे आहे. मार्च ते मे, अकरानंतर आवार तव्यासारखं तापतं. दर्शन होतं, पण प्रदक्षिणा घालताना लोक सावलीतून सावलीत उड्या मारतात. आम्ही साडेआठला पोचलो, दिवाळीनंतरची हवा, पाय गार होते.

आणि मग सीतागुंफा. भाचीने ऐकलं नव्हतं, घट्ट जीन्सच घातली होती, पाठीवर सॅक. गुंफेत उतरताना आधी कमरेत वाकायचं, मग उकिडवं बसायचं, मग जवळजवळ सरपटत पुढे सरकायचं. वाट एका माणसाची. मागे वळायला जागा नाही, कारण मागे माणसं असतात. तिची सॅक छताला अडकली, मागच्या आजी म्हणाल्या, "बाळा, पिशवी पुढे घे गं पोटाशी." तिने घेतली. जीन्सच्या गुडघ्याला काही झालं नाही, शिवण मात्र उसवली. सैल सलवार किंवा ढगळ पँट असेल तर काही त्रास होत नाही. साडी असेल तर निऱ्या हातात धरायची तयारी हवी. गुडघेदुखी असलेल्यांनी, बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी बाहेरच्या वडाच्या झाडांखाली बसावं. माझी आत्तेबहीण तिथेच बसली होती, तिने आमच्यापेक्षा जास्त लोक बघितले.

त्र्यंबकेश्वराबद्दल आज बोलत नाही, तिथे मोबाइल आत नेता येत नाही एवढं लक्षात ठेवून निघा.

एक राहिलं. पावसाळ्यात येणार असाल, तर निघायच्या आधी नाशिकमधल्या कुणालाही फोन करून विचारा, "मारुतीला पाणी कुठवर आलंय?" रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे आणि आम्ही पूर त्याच्यावरूनच मोजतो. पायाला लागलंय म्हणाले तर कुंडात उतरायचा बेत सोडा. कमरेपर्यंत म्हणाले तर पुलावरून लांबून बघून घ्या. आणि गळ्यापर्यंत म्हणाले, तर तिकीट दोन दिवस पुढे ढकला. तोवर आम्हीसुद्धा गंगेवर जात नाही.

नमस्कार.